तीस रुपयांचा जार

अमळनेर-पारोळा पट्ट्यातल्या आमच्या गावात खेडा खरेदीला येणारा व्यापारी कापसाचा भाव सकाळी एक सांगतो आणि दुपारी दुसरा. सराफाच्या दुकानातली सोन्याच्या भावाची पाटी रोज पुसली जाते, रोज नव्याने लिहिली जाते. तिकडे रावेर-सावद्याला केळीचा भाव रोजच्या रोज निघतो. आणि याच गावात थंड पाण्याच्या वीस लिटरच्या जारचा भाव तीस रुपयांवर बसला तो बसलाच. मध्ये डिझेल वाढलं, विजेचा दर वाढला, पोरांची मजुरी वाढली, झाकणं महाग झाली. जार तीसच.

गावात आरओचे प्लांट चार. त्यातला एक माझ्या मावसभावाचा, त्याला सगळे आप्पा म्हणतात. मी कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतो, त्यामुळे आप्पाच्या प्लांटवर बसलो की बोलणं हिशेबावर येतंच. लोक म्हणतात, चौघांनी मिळून भाव बांधलाय. आप्पा म्हणतो, बांधला असता तर तीसवर कशाला बांधला असता, चाळीसवर बांधला असता. मला दोन्ही बोलण्यांत तथ्य वाटतं. पण खरं उत्तर तिसरंच आहे, आणि ते मागणीच्या एका मोडक्या रेषेत दडलेलं आहे.

आधी दोन गोष्टी सांगतो, दोन्ही आप्पाच्या वहीतून घेतलेल्या. त्या काळात तो दिवसाला साधारण दोनशे जार टाकत होता, तीस रुपयांनी. म्हणजे रोजचा गल्ला सहा हजार.

पहिली गोष्ट भाव वाढवल्याची. डिझेल चढलं तेव्हा आप्पाने जार बत्तीस केला. त्याला वाटलं होतं, डिझेल सगळ्यांनाच लागतं, बाकीचे तिघेही दोन रुपये वाढवतील. तिघांनी काहीच केलं नाही. ते थांबले आणि पाहत राहिले. दोन आठवड्यांत आप्पाचे जार दोनशेवरून एकशे साठवर आले. बाजारपेठेतल्या दुकानदारांनी गाजावाजा न करता दुसऱ्याचा जार सुरू केला. पाणी तेच, जार तसाच निळा, दारात आणून देणारा पोरगाही ओळखीचा. मग दोन रुपये जास्त कोण देईल? बत्तीस गुणिले एकशे साठ म्हणजे पाच हजार एकशे वीस. गल्ला आठशे ऐंशी रुपयांनी घटला. आप्पा मुकाट्याने तीसवर परत आला.

दुसरी गोष्ट भाव पाडल्याची. स्टँडजवळच्या प्लांटवाल्याने नवा चिलर बसवला होता, त्याच्याकडे जास्त पाणी निघायला लागलं. त्याने जार पंचवीस केला. या वेळी कोणी थांबलं नाही. दोन दिवसांत चारही प्लांटवर पंचवीसचा भाव लागला. आप्पाचे जार वाढले, पण किती? दोनशेचे दोनशे चाळीस. जे लोक नळाचं पाणी भरून माठात ठेवायचे, त्यातल्या थोड्यांनी जार लावला, काही दुकानांनी एकाऐवजी दोन घेतले, बस. एकमेकांचं गिऱ्हाईक कोणाच्याच हाती लागलं नाही, कारण पंचवीस सगळीकडेच. पंचवीस गुणिले दोनशे चाळीस किती होतात? सहा हजार. म्हणजे रोज चाळीस जार जास्त भरायचे, जास्त वाहायचे, जास्त धुवायचे, आणि गल्ल्यात एक रुपयाही जास्त नाही.

आप्पाने त्या दिवसांत एक वाक्य म्हटलं होतं, ते मी वर्गात दर वर्षी सांगतो: "दादा, मी कमी कया ते समदा कमी करतीन, मी वाढावा ते मी एकलाच पडसू." अहिराणी न येणाऱ्या वाचकांसाठी: मी कमी केला तर सगळे कमी करतील, मी वाढवला तर मी एकटाच पडेन.

अर्थशास्त्रातला कोनदार मागणी वक्र म्हणजे नेमकं एवढंच. १९३९ साली अमेरिकेत पॉल स्वीझी यांनी तो मांडला. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डच्या हॉल आणि हिच या दोघांनी स्वतंत्रपणे तीच आकृती काढली, आणि तीही कारखानदारांशी बोलून. ३८ उद्योजकांना त्यांनी विचारलं की तुम्ही किंमत कशी ठरवता. बहुतेकांचं उत्तर पुस्तकातल्या उत्तरासारखं नव्हतं. आणखी एका नगामागचा सीमांत खर्च, सीमांत प्राप्ती वगैरे सहसा कोणी मोजत नव्हतं. एकूण खर्च काढायचा, त्यावर रास्त नफा चढवायचा, आणि मग ती किंमत फारशी हलवायची नाही, कारण वाढवली तर बाकीचे येणार नाहीत आणि उतरवली तर सगळेच येतील. हॉल-हिच यांना भेटलेले कारखानदार आणि आमचा आप्पा एकच बोलत होते. ही सगळी विचारणा १९३० च्या दशकातल्या मंदीच्या सावलीत चालली होती. मागणी कोसळलेली असतानाही मोजक्या कंपन्यांच्या हातातल्या धंद्यांत किमती फारशा का उतरल्या नाहीत, हा त्या काळचा मोठा प्रश्न होता.

आता आप्पाची रेषा काढू. तीस रुपये आणि दोनशे जार या बिंदूपाशी ती मोडते. तीसच्या वर एक रुपया वाढवला की वीस जार जातात (दोन रुपयांना चाळीस गेले होते). तीसच्या खाली एक रुपया उतरवला की फक्त आठ जार येतात (पाच रुपयांना चाळीस आले होते). वरचा भाग पसरट, खालचा भाग उभट. हे दोन भाग दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत. वरचा भाग सांगतो की माझं गिऱ्हाईक दुसऱ्याकडे किती सहज जातं. खालचा भाग सांगतो की अख्ख्या गावाला पाणी किती जास्त लागेल. पहिली संख्या मोठी आणि दुसरी लहान, म्हणून रेषेला कोन पडतो. कोन पडायचं कारण गिऱ्हाइकाच्या मनात नसतं, बाकीच्या तिघांच्या वागण्यात असतं, किंवा त्याहूनही नेमकं सांगायचं तर त्या वागण्याबद्दलच्या आप्पाच्या अंदाजात असतं.

विद्यार्थी इथपर्यंत सहज येतात. अडतात ते पुढे, सीमांत प्राप्तीच्या फटीपाशी. म्हणून तिथे जरा थांबतो.

सीमांत प्राप्ती म्हणजे आणखी एक जार विकल्यावर एकूण गल्ल्यात खरोखर पडलेली भर. ती जारच्या भावाएवढी नसते. कारण जास्त जार विकायला भाव उतरवावा लागतो, आणि तो उतरलेला भाव आधीच्या सगळ्या जारांनाही लागतो. आप्पाने तीसचे एकोणतीस केले तर आठ जार वाढतात, त्यांचे दोनशे बत्तीस रुपये येतात. पण आधीचे दोनशे जार प्रत्येकी एक रुपयाने स्वस्त जातात, तिथे दोनशे रुपये जातात. निव्वळ भर बत्तीस रुपये, आठ जारांमागे. म्हणजे एका जारमागे फक्त चार रुपये.

आता वरच्या बाजूने पाहू. तीसचे एकतीस केले तर वीस जार जातात. एकशे ऐंशी गुणिले एकतीस म्हणजे पाच हजार पाचशे ऐंशी. गल्ल्यातून चारशे वीस रुपये गेले, वीस जारांमागे. म्हणजे गेलेल्या प्रत्येक जारने एकवीस रुपये नेले.

एकाच बिंदूवर उभं राहून दोन बाजूंना पाहिलं तर दोन वेगळ्या संख्या दिसतात. गमावलेला जार एकवीस रुपयांचा, कमावलेला जार चार रुपयांचा. रुपयाऐवजी पन्नास पैशांची पायरी घेतली तर हेच आकडे साडेवीस आणि साडेचार होतात. पायरी आणखी बारीक करत गेलं की वीस आणि पाच यांवर येऊन थांबतात. मागणीच्या लवचिकतेतून, म्हणजे भाव एक टक्का हलला की मागणी किती टक्के हलते त्यातून, काढलं तरी हेच मिळतं. सीमांत प्राप्ती म्हणजे किंमत × (१ − १/लवचिकता). वरच्या भागाची लवचिकता तीन, म्हणून तीसचे दोन तृतीयांश, वीस. खालच्या भागाची एक पूर्णांक दोन दशांश, म्हणून तीसचा एक षष्ठांश, पाच. मागणीची रेषा कोनापाशी फक्त वळते, तुटत नाही. पण तिच्यातून निघणारी सीमांत प्राप्तीची रेषा त्याच ठिकाणी वीसवरून सरळ पाचवर पडते. मधल्या पंधरा रुपयांत रेषाच नाही.

आणि सगळी गंमत त्या रिकाम्या जागेत आहे. विक्रेत्याचा नियम एवढाच असतो: पुढच्या जारचा खर्च त्याच्या प्राप्तीपेक्षा कमी असेल तर आणखी विका, जास्त असेल तर कमी विका. खर्चाची रेषा प्राप्तीच्या रेषेला जिथे भेटते तिथे थांबा. पण खर्चाची रेषा त्या फटीतूनच जात असेल तर ती कशालाच भेटत नाही. मग तो खर्च सहा असो की एकोणीस, थांबायची जागा एकच, दोनशे जार आणि तीस रुपये.

आप्पाचा खर्च पाहू. इथे फक्त तोच खर्च धरायचा जो एका जारने वाढतो. बोअर, पंप आणि चिलरची वीज तीन रुपये, छोट्या हत्तीचं डिझेल साडेतीन, झाकण-सील आणि जार धुणं एक, पोराला जारमागे दीड. एकूण नऊ रुपये. जागेचं भाडं, बँकेचा हप्ता, वर्षा-दोन वर्षांनी बदलायचा मेंब्रेन हे यात येत नाहीत, कारण ते जार दीडशे विकले तरी लागतात आणि अडीचशे विकले तरी लागतात. नऊ रुपये खर्च असताना तीसच्या भावाने रोज चार हजार दोनशे सुटतात. एकतीस केले तर तीन हजार नऊशे साठ. एकोणतीस केले तर चार हजार एकशे साठ. तीसच बरं.

मग डिझेल आणि वीज वाढली, खर्च नवाचा बारा झाला. म्हणजे तब्बल एक तृतीयांश वाढ. आता तीसला तीन हजार सहाशे सुटतात, एकतीसला तीन हजार चारशे वीस, एकोणतीसला तीन हजार पाचशे छत्तीस. पुन्हा तीसच बरं. खर्च वाढला, तो सगळाच्या सगळा आप्पाच्या खिशातून गेला, रोजचे सहाशे रुपये. भाव जागचा हलला नाही.

इथे मला एक गोष्ट ठामपणे म्हणायची आहे. खर्च वाढूनही भाव वाढला नाही, की बाहेरून बघणाऱ्याला वाटतं की या माणसाचा नफा आधी अफाट असणार, म्हणून त्याला परवडतंय. तसं असेलच असं नाही. तो भाव वाढवत नाही कारण वाढवून त्याचं आणखी नुकसान होतं. तीन हजार सहाशेत त्याचा हप्ता, भाडं आणि घर भागत नसेल, तरीही तीसच त्याला सगळ्यात कमी तोट्याचं आहे. असा धंदा जुन्या भावाला चिकटून बंद पडू शकतो. आणि उलट बाजूही तितकीच खरी. डिझेल उतरलं, खर्च बाराचा पुन्हा नऊ झाला, तेव्हा लोकांनी विचारलं की आता जार स्वस्त का करत नाही. त्याच फटीमुळे. एकोणतीस केले तर तिघेही एकोणतीस करतील आणि हाती येतील चार रुपयांचे आठ जार, ज्यांचा खर्च नऊ. गिऱ्हाइकाला हे पटत नाही, आणि त्याचं न पटणं मी समजू शकतो. खर्च उतरल्याचा फायदा त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही.

फटीला दोन काठ आहेत, आणि खर्च काठाबाहेर गेला की भाव हलतो. बोअर आटला आणि टँकरचं पाणी विकत घ्यावं लागलं, जारमागचा खर्च बावीस झाला, तर तीसला सोळाशे सुटतात आणि एकतीसला सोळाशे वीस. आता एकटं पडूनही भाव वाढवणं फायद्याचं ठरतं. तसंच खर्च कधी तीन रुपयांवर आला तर एकोणतीस करण्यात आठ रुपयांचा का होईना फायदा आहे. सोलर बसवणाऱ्याने हा दुसरा काठ डोक्यात ठेवावा.

आमच्याकडचा उन्हाळा या सिद्धांताची खरी परीक्षा घेतो. एप्रिल-मे महिन्यांत जळगाव-भुसावळकडे पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, आमच्याकडेही फार मागे नसतो. दुपारी रस्त्यावर कुत्रं दिसत नाही. आप्पाचे दोनशे जार तीनशेवर जातात. मागणी दीडपट झाली तर भाव वाढायला हवा, असं कोणीही म्हणेल. पण वाढत नाही, निदान लगेच नाही. कारण मागणी दोन्ही भागांत सारख्याच प्रमाणात वाढली तर कोन फक्त उजवीकडे सरकतो, तीसच्याच उंचीवर. आता रुपया वाढवला की वीसऐवजी तीस जार जातात, उतरवला की आठऐवजी बारा येतात. लवचिकता दोन्हीकडे तीच, म्हणून फटीचे काठही तेच, वीस आणि पाच. जार जास्त खपतात, भाव तोच राहतो. हिवाळ्यात मागणी उतरते तेव्हाही असंच, उलट्या दिशेने.

मात्र एका दुष्काळी उन्हाळ्यात तीसचा जार बघता बघता चाळीस झाला. तेव्हा काय बदललं होतं ते नीट पाहायला हवं, कारण अडलेला भाव हलण्याची खूण तिथे सापडते. त्या वर्षी चारही प्लांट भरून वाहत होते. सकाळी दहाला जार संपायचे. अशा वेळी आप्पाने भाव वाढवला आणि गिऱ्हाईक रागावून दुसऱ्याकडे गेलं, तर दुसऱ्याकडे द्यायला जारच नव्हता. म्हणजे वरचा पसरट भाग उभट झाला. रुपयामागे जाणारे जार अगदी थोडे, त्यामुळे फटीचा वरचा काठ खाली आला, आणि टँकरमुळे खर्च त्याच वेळी वर चढत होता. दोघांची गाठ पडली. म्हणून मला वाटतं, भाव टिकणार की हलणार हे पाहायला फक्त खर्चाकडे बघू नये. बाकीच्यांकडे विकायला माल शिल्लक आहे का, ते बघावं. कोनाचा वरचा भाग दुसऱ्याच्या शिल्लक मालावर उभा असतो.

इतकं सगळं जुळतं, तरी हा सिद्धांत जिथे अपुरा पडतो ती जागाही आप्पाच्याच वहीत आहे. पंचवीसचा भाव लागला होता ना, तो पुढे काय झाला? सिद्धांत म्हणतो, कोन चालू भावापाशी असतो. मग पंचवीसला कोन पडायला हवा होता आणि भाव पंचवीसलाच अडकायला हवा होता. प्रत्यक्षात महिन्याभरात स्टँडजवळचा प्लांटवालाच आधी तीसवर परत गेला, आणि आठवड्याच्या आत बाकीचे तिघेही गेले. म्हणजे या वेळी भाव वाढवणाऱ्याच्या मागे सगळे आले! ज्यांनी आप्पाला बत्तीसवर एकटं सोडलं होतं, तेच लोक.

अमेरिकन अर्थतज्ज्ञ जॉर्ज स्टिग्लर यांनी १९४७ साली याच जागेवर बोट ठेवलं. मोजक्या विक्रेत्यांच्या अनेक धंद्यांच्या किमतींच्या जुन्या नोंदी त्यांनी तपासल्या. भाव वाढवणाऱ्याच्या मागे बाकीचे जात नाहीत, असं त्या नोंदींत ठळकपणे दिसेना. उतरवणाऱ्यामागे जावं तसे लोक वाढवणाऱ्यामागेही जात होते. शिवाय जिथे एकच विक्रेता आहे, प्रतिस्पर्धीच नाही, म्हणजे कोन पडायचं कारणच नाही, तिथल्या किमतीही हलत नव्हत्या, किंबहुना कमीच हलत होत्या. स्टिग्लर यांचा घाव खरा आहे. आणि दुसरा आक्षेप त्याहून जुना: हा वक्र भाव तीसवर का टिकतो ते सांगतो, पण तीसच का, अठ्ठावीस किंवा चौतीस का नाही, याबद्दल तो एक शब्द बोलत नाही.

मला याचं उत्तर असं दिसतं. आमच्या गावात तीस हा सगळ्यांच्या डोक्यात बसलेला भाव आहे. तीसकडे परत जाणाऱ्याचा हेतू बाकीच्यांना लगेच कळतो, म्हणून ते मागे येतात. तीसच्या पुढे बत्तीसला जाणाऱ्याचा हेतू कळत नाही. याला खरंच परवडत नाही की हा आपल्याला अजमावतोय, असा संशय येतो, आणि थांबून बघण्यात प्रत्येकाला फायदा असतो. म्हणजे कोन हा भावाला चिकटलेला नसून सगळ्यांच्या समजुतीला चिकटलेला आहे. पुढे अमेरिकेत ॲलन ब्लाइंडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे दोनशे कंपन्यांना विचारलं की तुम्ही किंमत का बदलत नाही. बारा कारणं समोर ठेवली होती. सर्वांत जास्त पसंती मिळाली ती या कारणाला: दुसरा कोणी आधी बदलेल याची वाट बघतो, आपण पहिले होत नाही. कोनदार वक्राचं गणित कोणाला येवो न येवो, त्यातली भीती मात्र दुकानादुकानात आहे.

आणि म्हणूनच चौघांनी भाव बांधला या आरोपाकडेही सावधपणे बघावं लागतं. भाव सारखे आहेत आणि हलत नाहीत, एवढ्यावरून संगनमत सिद्ध होत नाही, कारण कोनामुळेही तसंच दिसतं. फरक बदलाच्या क्षणी कळतो. एकाने वाढवलं, बाकीचे थांबले, तो परत आला, हे कोनाचं लक्षण. एका तारखेला चारही ठिकाणी एकच छापील पत्रक लागलं, अमुक तारखेपासून नवा दर, खाली संघटनेचं नाव, तर ते कराराचं लक्षण. भारतात २००२ च्या स्पर्धा कायद्याच्या कलम ३ नुसार विक्रेत्यांनी आपसात किंमत ठरवण्याचा करार करायला मनाई आहे. गावोगाव अशी पत्रकं उजळ माथ्याने लागतात आणि लावणाऱ्यांना त्यात काही वावगं वाटत नाही, हे मला मनापासून खटकतं. खर्च खरोखर सगळ्यांचा वाढलेला असतो, त्यांची अडचण खरी असते. पण बैठक घेऊन कोन पुसून टाकला की पुढच्या वेळी खर्च न वाढताही बैठक घेता येते.

भाव हलत नसला तरी बाकी सगळं हलतं, हे आप्पाच्या प्लांटवर उभं राहिलं की दिसतं. डिझेल वाढलं तेव्हा त्याने तीसचा आकडा तसाच ठेवला आणि दुसऱ्या मजल्यावर जार चढवून देणं बंद केलं. गाडी दिवसातून दोनदा फिरायची ती एकदाच फिरायला लागली. चिलर अर्धा तास उशिरा सुरू व्हायला लागला, त्यामुळे दुपारच्या जारचा गारवा कमी झाला. स्टँडजवळच्याने उलट जारची अनामत घेणं सोडून दिलं. या गोष्टी बाकीच्यांना लगेच दिसत नाहीत, मोजता येत नाहीत, आणि त्यांची बरोबरी करायला वेळ लागतो. म्हणून स्पर्धा पाटीवरून उतरून या बारीकसारीक जागांमध्ये शिरते.

सगळ्यात जास्त शिकवणारी गोष्ट मात्र लग्नाच्या ऑर्डरींची. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आगेमागे आमच्याकडे लग्नांची धामधूम असते. एका लग्नाला शंभर-दीडशे जार सहज लागतात. त्यांचा भाव पाटीवर नसतो. वरबाप किंवा वधूबाप फोन करतो, मंडपवाला मध्ये असतो, आणि भाव बोलून ठरतो. ठरलेला आकडा बाकीच्या तिघांना कळत नाही. कळला तरी लग्न होऊन गेलेलं असतं. इथे आप्पाने चोवीस रुपये सांगितले म्हणून कोणी पाटी बदलत नाही, आणि रोजच्या दोनशे जारांना चोवीसचा भाव द्यावा लागत नाही. त्यामुळे त्या ऑर्डरच्या प्रत्येक जारची सीमांत प्राप्ती पूर्ण चोवीस रुपये. खर्च बारा. दीडशे जारांवर अठराशे रुपये सरळ सुटतात. ज्या माणसाला दुकानाच्या जारचा एक रुपया उतरवणं परवडत नव्हतं, तोच त्याच दिवशी, तेच पाणी, त्याच जारमध्ये सहा रुपये उतरवून देतो आणि खूश असतो. खालचा उभट भाग तयार व्हायला उतरलेला भाव बाकीच्यांना दिसावा लागतो. दिसला नाही तर ते मागे येत नाहीत, मागे आले नाहीत तर कोन पडत नाही, आणि कोन नाही तर फटही नाही. म्हणून लग्नाच्या जारचा भाव खर्चासोबत आणि मागणीसोबत वरखाली होत राहतो. मोकळ्या दिवशी तो बावीसलाही जातो, दाट लग्नतिथीला, चारही प्लांट भरलेले असताना, पस्तीस-चाळीसलाही. डिझेल वाढलं की आप्पा दोन रुपये त्याच फोनवर वाढवून सांगतो आणि समोरचा थोडी घासाघीस करून मानतो. फोन ठेवून तो गाडीत जार भरायला लागतो, आणि गाडीच्या बाजूला रंगवलेला दर तीसच असतो.